तयार मापाला माया नसते

टेलरबाई दुपारच्या झोपेतून जाग्या झाल्या तेव्हा त्यांच्या उजव्या पायावर निळ्या खडूच्या तीन खुणा होत्या. एक गुडघ्याच्या वाटीवर, अगदी मधोमध. एक वर मांडीवर, एक खाली पोटरीवर. तिन्ही खुणा आडव्या आणि हलक्या होत्या, कापड दुखावू नये म्हणून ओढतात तशा.

त्या बराच वेळ पडूनच राहिल्या. स्वप्न अजून पुरतं उतरलं नव्हतं. स्वप्नात त्या स्वतःच्याच बेतायच्या टेबलावर आडव्या होत्या, आणि कुणीतरी त्यांना मोजत होतं. टेप पायाभोवती पाण्यासारखी फिरत होती, थंड आणि सावकाश. कुणाचे हात आहेत ते दिसत नव्हतं, पण भीती वाटत नव्हती. कुणीतरी आकडे पुटपुटत होतं, आणि प्रत्येक आकड्यागणिक शरीर थोडं हलकं होत होतं. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत यायचा, बाहेर जायचा. त्यांना वाटलं, आपण अजून तिथेच आहोत. मग गुडघ्यात नेहमीची कळ आली आणि खोली जागच्या जागी येऊन बसली.

घरात नवरा नव्हता. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर आच्छादन होतं, गेले आठ महिने होतं तसंच.

चाळीस वर्षं त्यांनी याच खोलीत पायमशीन चालवलं होतं. कोट, झगे, शाळेचे गणवेश, नव्या नवरीचे कपडे आणि कुणी गेल्यावर घालायचे साधे काळे कपडे. अर्ध्या गावाची मापं त्यांच्या वह्यांत होती आणि बाकीच्या अर्ध्याची डोक्यात. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल, सगळे टेलरबाईच म्हणत. त्यांचा नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा, म्हणून तो झाला प्रूफवाला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी प्रूफवाला तो प्रूफवालाच.

उजवा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा बाईंनी आधी मशीनला तेल घातलं. आवाज मशीनचाच असेल असं त्यांना वाटलं होतं. मग जिना चढवेना. डॉक्टरांनी फोटो काढला, झीज झाली आहे म्हणाले, मांडीचे व्यायाम लिहून दिले आणि बाजूला पट्ट्या असलेला गुडघ्याचा पट्टा घ्यायला सांगितलं. पट्टा मापाचा हवा, दुकानात जाऊन माप द्या, असंही बजावलं. ती चिठ्ठी तेव्हापासून घड्याळामागे खोचलेली होती. प्रूफवाल्याने चार-पाचदा विषय काढला. बाई दर वेळी म्हणायच्या, बघू पुढच्या आठवड्यात.

त्यांना माप द्यायचं नव्हतं. कुणालाच. त्यांचं शेवटचं माप घेतलं होतं थोरल्या बहिणीने, बाई तिशीच्या होत्या तेव्हा. बहिणीनेच त्यांना हातात कात्री धरायला शिकवली होती. त्या मापावरून कागद कापून ठेवलेला होता, आणि बहीण गेली तरी बाई स्वतःचे कपडे त्याच कागदावर बेतत आल्या होत्या. गरज पडेल तिथे शिवण थोडी सैल करायची, पण टेप लावायची नाही. दुसऱ्यांच्या अंगाला टेप लावताना त्या आकडा कधी मोठ्याने उच्चारत नसत. माणसं आकड्याने किती दुखावतात हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं.

प्रूफवाला तासाभराने आला. काखेत एक डबा होता आणि चेहरा शिक्षा ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा. बाईंनी पाय पुढे करून खुणा दाखवल्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. त्याने दुकानात जाऊन तक्ता पाहिला होता. वाटीच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटर वर, पंधरा सेंटिमीटर खाली आणि मध्यावर, असा तीन जागी घेर लागतो. तो सगळं कागदावर उतरवून घरी आला, बाई झोपल्या होत्या, खडू टेबलावरच होता. मांडी शेहेचाळीस, गुडघा साडेअडतीस, पोटरी पस्तीस. तक्त्यात तिन्ही आकडे 'मध्यम'च्या रकान्यात नीट बसत होते. म्हणून त्याने परत जाऊन मध्यम घेतला.

"विचारायचं तरी," बाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि तू एकदा नाही म्हणालीस की मला पुन्हा विचारता येत नाही."

बाईंनी डबा उघडला. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, शिवण पाहिली. काम चांगलं होतं. दुहेरी टाके, कडा वळवून घेतलेल्या, वाटीसाठी गोल भोक आणि त्याभोवती मऊ गादी. फक्त आत माया नव्हती. हाताने शिवलेल्या कपड्यात शिवणीच्या आत बोटभर कापड सोडतात, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. तयार मालात ती नसते. आहे ते आहे.

पट्टा चढवताना त्यांना दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पहिली पंधरा मिनिटं बरं वाटलं, कुणीतरी गुडघा घट्ट धरून ठेवल्यासारखं. त्या खिडकीपर्यंत जाऊन आल्या. मग बसल्या तेव्हा गुडघ्याच्या मागे लवणीत कापडाची घडी झाली आणि रुतू लागली. वरची कड गुंडाळून दोरीसारखी झाली. दिवेलागणीला पावलाला मुंग्या आल्या, बोटं गार पडली. बाईंनी पट्टा काढला तेव्हा गुडघ्याच्या वर-खाली दोन लाल वळ उठलेले होते. थोड्या वेळाने पाऊल पुन्हा ऊबदार झालं.

प्रूफवाला कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याला चूक सापडत नव्हती. बाईंनी विचारलं, टेप कुठली घेतली होती. त्याने टेबलाच्या खणातून काढून दाखवली. पिवळी, कापडी, कडा विरलेली. बहिणीची टेप.

बाईंनी पोलादी पट्टी आणली आणि टेप तिच्यावर मांडली. पट्टी दोनदा पुढे सरकवून त्या शंभरापर्यंत गेल्या. टेपवर शंभराचा आकडा होता तिथे पट्टीवर एकशे दोन पूर्णांक सहा होते. तीस-चाळीस वर्षं ओढून ओढून टेप लांबली होती. लांबलेली टेप प्रत्येक गोष्ट आहे त्याहून कमी सांगते.

"म्हणजे साडेअडतीस नाही, साडेएकोणचाळीस," बाई म्हणाल्या. त्यांनी कधीचीच ती टेप कामातून काढली होती. फेकवली मात्र नव्हती.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याखाली रेघ ओढणारा माणूस त्या टेपकडे पाहत राहिला. एवढं त्याचं तोंड उतरलेलं पाहिलं आणि बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी स्वतःहून घड्याळामागची चिठ्ठी काढली, झटकली आणि पर्समध्ये ठेवली. उद्या सकाळी जाऊ, म्हणाल्या. सकाळी सूज कमी असते.

दुकान दवाखान्याच्या फाटकाशेजारी होतं. काचेमागे प्लास्टरचे पाय ओळीने उभे होते, नुसते पाय, मांडीपासून खाली, आणि प्रत्येकावर वेगळा पट्टा. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं. बाईंना क्षणभर वाटलं, माणसं आपले पाय इथे ठेवून कुठेतरी निघून गेली आहेत आणि संध्याकाळी येऊन घेऊन जातील. आठ महिन्यांत त्या गल्लीच्या तोंडापलीकडे आल्या नव्हत्या. रस्ता, झाडं, लोकांची घाई, सगळं त्यांना जरा दुरून, काचेतून पाहिल्यासारखं दिसत होतं.

माप घेणारी पस्तिशीची असेल. ती एका पोस्टमनच्या घोट्याशी बसली होती. तिने टेप घोट्याच्या दोन हाडांच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक होतो तिथे फिरवली आणि आकडा एका कार्डावर लिहिला. बाईंचं लक्ष तिच्या अंगठ्याकडे गेलं. टेप त्वचेला लागलेली होती पण रुतत नव्हती. असा अंगठा शिकवून येत नाही, बाईंच्या मनात आलं.

मग ती त्यांच्याकडे वळली. मावशी, काका, बसा म्हणाली. प्रूफवाल्याने आपण होऊन लांबलेल्या टेपची हकीकत सांगितली, न विचारता. ती हसली नाही. कापडी टेपचं असं होतं, आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी पट्टीवर ताडून बघतो, एवढंच म्हणाली. घरात एकदाच वापरलेला पट्टा बदलून देता येईल, तेही सांगितलं.

तिने बाईंना उंच स्टुलावर बसवलं, पाय किंचित वाकवून, टाच खाली टेकवून. प्रत्येक कंपनीच्या तक्त्यावर पायाचं चित्र असतं, कुणी उभ्याने मोजायला सांगतं, कुणी बसून. ज्याचा पट्टा त्याचं चित्र पाळायचं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. काका, तुम्ही झोपलेल्या पायाचं घेतलंत, आणि पाय सरळ होता, ती म्हणाली. प्रूफवाल्याने मान हलवली. त्याच्या लेखी ही दुसरी चूक होती.

"मांडी सैल सोडा, मावशी. आवळू नका."

बाईंना तेच जमेना. टेप जवळ आली की सगळं अंग आपोआप आत ओढलं जात होतं. चाळीस वर्षं त्या हेच वाक्य दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या, श्वास सोडा, पोट आत घेऊ नका, आणि लोकांना ते का जमत नाही याचं त्यांना मनातून थोडं हसू येई. माप घेणारीने घाई केली नाही. टेप मांडीवर ठेवून ती नुसती थांबली. बाहेरून कुठलीशी गाडी गेली, काचेवरचं ऊन हललं. मग हळूहळू पाय सैल पडला, आदल्या दिवशी झोपेत पडला होता तसा.

वाटीच्या मध्यावर तिने पेन्सिलीने खूण केली. तिथून ताठ पट्टीने पंधरा सेंटिमीटर वर, पंधरा खाली. तिन्ही जागी टेप सपाट फिरवली. एकही आकडा तोंडाने उच्चारला नाही. कार्डावर लिहिला आणि कार्ड बाईंकडे फिरवून धरलं, फक्त त्यांना दिसेल असं.

बाईंनी कार्डावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. हे करणारं दुसरं कुणी आजवर त्यांना भेटलं नव्हतं.

मग तिने दुसऱ्या पायाचंही माप घेतलं. पट्टा एकाच पायाला हवा असला तरी मी दोन्ही बघते, ती म्हणाली. एकच पोटरी अचानक फुगलेली दिसली तर पट्टा न देता आधी डॉक्टरांकडे पाठवते. तुमच्या पोटऱ्या सारख्या आहेत, म्हणत तिने कार्डावरच्या दोन छत्तीसांवर बोट ठेवलं. मांडीचं मात्र बघा.

डावी मांडी साडेएकोणपन्नास होती. उजवी सत्तेचाळीस.

बाई आकड्यांकडे पाहत राहिल्या. आपण जाडजूड झालो असू अशी त्यांना धास्ती होती, आणि इथे उलटंच निघालं होतं. अडीच सेंटिमीटर पाय कमी झाला होता. कुठे गेला, त्यांनी विचारलं. अगदी हळू विचारलं, हरवलेल्या वस्तूबद्दल विचारतात तसं.

"बसून राहिल्याने गेला, मावशी. गुडघा दुखतो म्हणून आपण तो पाय वापरत नाही, मग मांडीचा स्नायू वाळतो. तो वाळला की गुडघ्याला आधार उरत नाही आणि आणखी दुखतं. परत येतो तो. चिठ्ठीवर व्यायाम लिहिलेत ना?"

लिहिले होते. घड्याळामागे होते.

आता प्रश्न पट्ट्याचा होता. मध्यम मापात मांडी त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीस, गुडघा पस्तीस ते एकोणचाळीस, पोटरी बत्तीस ते छत्तीस. मोठं माप तिथून पुढे. बाईंची मांडी मध्यममध्ये, गुडघा साडेएकोणचाळीस म्हणजे मोठ्यात, आणि पोटरी बरोबर रेघेवर. एक पाय दोन रकान्यांत उभा होता.

प्रूफवाल्याने चष्मा चढवला आणि तक्त्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचली. दोन मापांच्या मध्ये असल्यास मोठं घ्यावं. त्याचा जीव भांड्यात पडला. माप घेणारी म्हणाली, बहुतेकदा हेच बरोबर. लहान घेतलं तर आधार जास्त मिळेल असं लोकांना वाटतं, पण ते रुततं, गुंडाळतं, तुमचं काल झालं तसं. तरी नुसतं वाचून देत नाही मी. घालून चाला.

मोठा पट्टा गुडघ्याला छान बसला. मागे घडी नाही, बोटं गार नाहीत. बाईंनी दुकानात येरझाऱ्या घातल्या, प्लास्टरच्या पायांसमोरून, आणि सरावासाठी ठेवलेली लाकडी पायरी चढल्या-उतरल्या. सहाव्या-सातव्या फेरीला त्यांना काहीतरी खाली येतंय असं वाटलं. वरची कड मांडीवरून दोन बोटं घसरली होती. वाटीचं भोक खाली सरकलं होतं आणि गादीची कड हाडाला लागत होती.

"वर सैल आहे," बाई लगेच म्हणाल्या. आवाज एकदम टेलरबाईंचा झाला होता. "गुडघ्याला बरोबर, मांडीला ढिला. हा कपडा माझ्याकडे आला असता तर वरून एक कळी काढून तो आत घेतला असता."

माप घेणारी पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. याची कळी काढता येत नाही, म्हणाली, पण ज्याला वर वेगळं आणि मध्ये वेगळं आवळता येईल असा एक आहे. तिने आतून दुसरा काढला. हा पायात ओढून चढवायचा नव्हता, समोरून उघडा होता, चादरीसारखा भोवती गुंडाळायचा, आणि वर दोन, खाली दोन बंद. याचं माप मुख्यतः गुडघ्याच्या मध्यावरून घ्यायचं, मांडी-पोटरीला बंदांनी सांभाळून घ्यायचं.

तिने आधी भोक वाटीवर आणलं. मग पोटरीचे बंद लावले, कारण खालचा बंद धरला की पट्टा घसरत नाही, आणि मग मांडीचे. प्रत्येक बंदाखाली तिने दोन बोटं घालून पाहिली. बोटं आत जायला हवीत पण खेळायला नकोत. शेवटी बाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं आणि लगेच गुलाबी.

वरच्या बंदाचं टोक बरंच उरलं होतं, चार बोटं तरी. बाईंनी त्यावरून हात फिरवला.

"म्हणजे याला माया आहे."

माप घेणारीला तो शब्द या अर्थाने ठाऊक नव्हता. बाईंनी समजावून सांगितला. ती म्हणाली, हो, मग आहे. मांडी भरेल तशी वापरा. सहा आठवड्यांनी या, पुन्हा मोजू. तोपर्यंत पट्टा चालता-फिरताना घालायचा आणि झोपताना काढायचा. व्यायाम मात्र रोज.

बाई पुन्हा त्या पायरीवर चढल्या. या वेळी गुडघा हलला तसा पट्टाही हलला, कुणीतरी शेजारून हात धरून चालावं इतक्या सहज. त्या पाच-सहा वेळा उगाचच चढल्या-उतरल्या. मागे वळून पाहिलं तर प्रूफवाला दारातल्या उन्हात उभा होता आणि ओठांनी फेऱ्या मोजत होता.

त्या सहा आठवड्यांत फारसं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते दिसण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी बाई पलंगावर पाय लांब करून बसायच्या, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी, आणि मांडी आवळून वळकटी खाली दाबायच्या. पाच मोजायचे, सोडायचे. प्रूफवाला पेपर वाचता वाचता आकडे म्हणायचा. मोजणीचा तो संथ आवाज ऐकता ऐकता त्यांना अधूनमधून पेंग यायची. पेंगेत त्यांना आपली मांडी दिसायची, एखाद्या रिकाम्या बाहीत हळूहळू हात भरत जावा तशी. पहिले पंधरा दिवस काहीच फरक वाटला नाही आणि एक दिवस त्या चिडून उठल्याही. दुसऱ्या दिवशी मुकाट पुन्हा बसल्या. महिन्याभराने मशीनवरचं आच्छादन निघालं. आधी दिवसाला अर्धा तास, मग तास.

सहा आठवड्यांनी दुकानात कार्डावर नवे आकडे आले. मांडी अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन, गुडघा अडतीस पूर्णांक आठ. सूज ओसरली होती आणि मांडी भरत होती. मजा अशी की या वेळीही रकाने जुळले नाहीत, मांडी मोठ्यात गेली आणि गुडघा मध्यममध्ये आला. माप घेणारी म्हणाली, बदलायची गरज नाही, वरचा बंद बोटभर सोडा, गुडघ्यालगतचे बोटभर आवळून घ्या. बाईंनी ते स्वतःच केलं. तिने फक्त दोन बोटं घालून पाहिली आणि मान डोलावली.

घरी जाताना प्रूफवाल्याने रिक्षा करू का विचारलं. बाई म्हणाल्या, तळ्याकडून चालत जाऊ.

तळ्याचा रस्ता लांबचा होता आणि शेवटी चढ होता. पाण्यावर संध्याकाळचा हलका धुरकट उजेड पसरला होता, पलीकडचा काठ धड दिसत नव्हता आणि बदकं कुठे संपतात, त्यांच्या सावल्या कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. चढाच्या पायथ्याशी प्रूफवाला थांबला आणि दुखतंय का म्हणून त्याने विचारलं. थोडं दुखत होतं. बाईंनी तसं खरं सांगितलं, त्याच्या हातात हात अडकवला आणि म्हणाल्या, त्या वळणापर्यंत जाऊ या, मग बघू. वळणाशी पोचल्यावर त्यांना पुढचं वळण दिसलं.